नव्या गाडीचं पॉलिसी शेड्यूल: पैसे भरण्याआधी वाचायची दोन पानं

दसऱ्याच्या आठ दिवस आधी माझी भाची नव्या गाडीच्या विम्याचा कागद घेऊन घरी आली. ती इंदिरानगरला राहते आणि अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करते. दसऱ्याला गाडी घरी आणायची हे ठरलेलं होतं. "मामा, विम्याचे ३६,७४० रुपये मागतायत. फुल इन्शुरन्स आहे, बंपर टू बंपर, काही बघायची गरज नाही असं म्हणाले. तू एकदा बघतोस का?"

मी गेली अठरा वर्षं नाशिक जिल्ह्यात मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतो. गाडी ठोकली, बुडाली किंवा जळाली की विमा कंपनी मला पाठवते. नुकसान किती झालं आणि त्यातलं पॉलिसीत किती बसतं, याचा अहवाल मी देतो. गॅरेजमध्ये उभा असलेला मालक नेहमी सांगतो, "शोरूममध्ये तर सगळं कव्हर आहे म्हणाले होते." शोरूममध्ये काय बोलणं झालं ते मला कळायला मार्ग नसतो. माझ्यासमोर असतं ते शेड्यूल, म्हणजे पॉलिसीची पहिली दोन पानं. त्यात गाडी कोणती, किती रकमेला, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या जादा कव्हरांसह विमा घेतलाय हे लिहिलेलं असतं. मागची वीस-तीस पानं सगळ्यांना सारखीच असतात. आपला करार या दोन पानांत असतो.

भाचीच्या हातात होता तो मसुदा होता, पैसे अजून भरले नव्हते. हे फार बरं झालं, कारण दुरुस्त करण्यासारखं त्यात बरंच होतं.

आधी तारखा

शेड्यूलवर एक नाही, दोन मुदती छापलेल्या असतात आणि पहिली फसगत तिथेच होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा असतो. त्याला ओन डॅमेज किंवा नुसतं ओडी म्हणतात. शोरूममधून नव्या गाडीबरोबर जी पॉलिसी मिळते तिच्यात हा ओडीचा भाग सहसा एकाच वर्षाचा असतो.

मालक वरवर बघतो, तीन वर्षं पुढची तारीख दिसते आणि कागद फाइलला लावून टाकतो. दुसऱ्या वर्षी कसारा घाटात गाडी ठोकली जाते, मी जाऊन कागद बघतो, तर ओडी संपून पाच महिने झालेले असतात. अशा वेळी त्या माणसाला काय सांगायचं, हा माझ्या कामातला सगळ्यात जड भाग आहे. म्हणून भाचीला मी आधी ओडीच्या शेवटच्या तारखेखाली पेनने रेघ मारायला लावली.

त्याच पानावर चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर असतात. ते गाडीच्या इनव्हॉइसशी एकेक आकडा लावून बघायचे. नव्या गाडीला नंबर मिळालेला नसतो, म्हणून त्या रकान्यात नुसतं "नवीन" असतं. पेठ रोडच्या आरटीओकडून एमएच-१५चा नंबर मिळाला की तो पॉलिसीत चढवून घ्यायचा. हे सगळं पाच मिनिटांत उरकतं.

आयडीव्ही: गाडी गेलीच तर हातात येणारी रक्कम

आता मुख्य आकडा. शेड्यूलमध्ये आयडीव्ही असा रकाना असतो, त्याला मराठीत घोषित मूल्य म्हणू. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्त होण्यापलीकडे गेली, तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, ती ही रक्कम. हप्त्याचा ओडीचा भागही हिच्यावरच मोजतात.

ती काढायची रीत सरळ आहे. त्या मॉडेलची एक्स-शोरूम किंमत घ्यायची आणि गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५, एक ते दोन वर्षं २०, दोन ते तीन वर्षं ३०, तीन ते चार ४०, चार ते पाच ५०. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक यांनी मिळून आकडा ठरवायचा असतो.

भाचीची गाडी ११९७ सीसीची, पेट्रोलवरची, एक्स-शोरूम ८,००,००० रुपयांची. त्यातून ५ टक्के गेले, आयडीव्ही ७,६०,०००. मसुद्यात हाच आकडा होता. तो पाहून ती म्हणाली, "पण मला गाडी नऊ लाखांच्या वर पडतेय." बरोबर आहे. ८,००,००० वर ११ टक्क्यांनी ८८,००० रोड टॅक्स, वर विमा आणि बाकीचे खर्च. पण टॅक्स, नोंदणी आणि विम्याचे पैसे आयडीव्हीत धरत नाहीत. म्हणजे शोरूममधून गाडी बाहेर काढल्या दिवशी ती चोरीला गेली, तरी साध्या पॉलिसीत ७,६०,००० च्या वर काही मिळत नाही. यावरचा उपाय ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा कव्हरांत आहे, तिथे त्याकडे येतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. टोटल लॉसच्या क्लेममध्ये शेड्यूलवरचा आयडीव्ही हाच पॉलिसीची मुदत संपेपर्यंत बाजारभाव मानला जातो. अकराव्या महिन्यात गाडी चोरीला गेली म्हणून अकरा महिन्यांचा आणखी घसारा काढता येत नाही. म्हणूनच हा आकडा विमा घेताना नीट ठरवायचा. नंतर घासाघीस करायला वाव नाही, मालकाला नाही आणि कंपनीलाही नाही.

आणि टोटल लॉस कधी म्हणायचा, तर गाडी उचलून आणायचा आणि दुरुस्त करायचा एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की. भाचीच्या गाडीसाठी ही रेघ ५,७०,००० ची.

तिने फोनवर दुसरा एक ऑनलाइन दर काढून ठेवला होता, मसुद्यातल्यापेक्षा दीड हजारांनी स्वस्त. बाकी सगळं तसंच. मी आयडीव्हीचा रकाना उघडून दाखवला, तिथे ६,८०,००० होते. स्वस्ताई तिथूनच आली होती. आयडीव्ही ८०,०००नी खाली आणला की तिच्या गाडीचा ओडी हप्ता सुमारे १,२७६ रुपयांनी कमी होतो, त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला की १,५०६. म्हणजे दीड हजार वाचवायचे आणि गाडी गेली तर ऐंशी हजार सोडायचे. वर टोटल लॉसची रेघही ५,१०,००० वर येते. म्हणजे जी गाडी दुरुस्त करून वापरता आली असती, ती कमी रकमेवर सोडून द्यायची पाळी येऊ शकते. म्हणून दोन दर शेजारी ठेवताना आधी दोन्हीकडचा आयडीव्ही सारखा आहे का ते बघायचं, मग हप्ता.

हप्ता कसा बसतो तेही थोडं बघून घेऊ, पुढे लागणार आहे. विम्याच्या जुन्या दरपत्रकात देशाचे दोन झोन आहेत. मुंबई, पुणे आणि आणखी सहा मोठी शहरं झोन एमध्ये, बाकी सगळे झोन बीमध्ये. नाशिक झोन बीत येतं, त्यामुळे त्याच गाडीला पुण्यापेक्षा आपला दर जरा कमी. हजार ते दीड हजार सीसीच्या, पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला तो आयडीव्हीच्या ३.१९१ टक्के. भाचीसाठी २४,२५२ रुपये. कंपन्यांना आता यावर आपापली सूट देता येते. तिच्या मसुद्यात ५० टक्के होती, म्हणून ओडी १२,१२६. मसुद्यावर झोनच्या जागी बी आहे ना, तेही बघून घेतलं.

नो क्लेम बोनस: तो गाडीचा नसतो

मसुद्यात एनसीबीच्या पुढे शून्य होतं. नवी गाडी, पहिलीच पॉलिसी, तेव्हा बोनस कुठून येणार, असं शोरूममध्ये धरून चाललेले. मी विचारलं, "आणि तुझी जुनी गाडी?"

ती श्रावणात विकली होती, सिन्नरच्या एका गृहस्थांना. तिची जुनी पॉलिसी व्हॉट्सॲपवर सापडली. एनसीबी ४५ टक्के. चार वर्षं एकही क्लेम नाही.

नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल पुढच्या वर्षीच्या ओडी हप्त्यात मिळणारी सूट. क्लेमविना एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. त्याच्या वर जात नाही. एक क्लेम घेतला की पुन्हा शून्यावर. थर्ड पार्टीच्या हप्त्याला ही सूट लागत नाही, आणि भाचीच्या कागदात ॲड-ऑनच्या हप्त्यालाही नव्हती.

ही सूट माणसाला मिळालेली असते, गाडीला नाही. गाडी विकली तरी बोनस मालकाकडे राहतो आणि तो तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या कारला लावता येतो. गाडी घेणाऱ्याला तो मिळत नाही. तसाच तो घरातल्या दुसऱ्या माणसालाही देता येत नाही. भाचीने लगेच विचारलं, बाबांचा ५० टक्के आहे, तो चालेल का? नाही चालणार. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाकडे आली तरच तसं करता येतं.

जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागवावं लागतं. तिने जुन्या पॉलिसीची प्रत आणि आरसी सिन्नरच्या गृहस्थांच्या नावावर झाल्याचा पुरावा जोडून ईमेल केला, तीन दिवसांत पत्र आलं. पॉलिसीचं वर्ष पुरं व्हायच्या आत गाडी विकली असल्याने पत्रात ४५च आले. वर्ष पुरं झालं असतं तर ५० झाले असते. आता त्या जुन्या गाडीच्या पॉलिसीतून ही सूट निघाली, म्हणजे सिन्नरच्या गृहस्थांना ती पॉलिसी पुढे चालवायची असेल तर फरक भरावा लागणार. खरं तर गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज त्यांनी द्यायला हवा होता. तो दिला नव्हता. भाचीने त्यांना फोन करून हे सांगितलं, ते फार योग्य केलं.

हिशोब असा झाला: १२,१२६ च्या ४५ टक्के, म्हणजे ५,४५७ रुपये कमी. ओडी ६,६६९ वर आला. जीएसटी धरून ६,४३९ रुपयांची बचत, ती एका ईमेलने झाली.

शोरूममधल्या एकाने तिला फोनवर सांगितलं म्हणे, "मॅडम, पत्र कशाला, नुसतं ५० टक्के लिहून देऊ." याला कधीही हो म्हणू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे पडताळणी करते, आणि प्रस्तावावर आपली सही असते की बोनसची माहिती खोटी ठरली तर ओडीचे लाभ जप्त होतील. चार-सहा हजारांच्या सुटीपायी लाखांचा क्लेम नाकारलेला मी पाहिलाय, आणि माणूस खरोखर म्हणत होता, मला माहीतच नव्हतं कुणी काय लिहिलं.

बोनस जायची आणखी एक वाट आहे. ओडी संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर साठलेला सगळा बोनस जातो. वर ज्या तारखेखाली रेघ मारली, ती यासाठीही.

लहान क्लेम घ्यावा का

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच, म्हणून भाचीच्याच आकड्यांवर करून बघू. समजा पहिल्याच वर्षी पार्किंगमध्ये पुढचा बंपर फाटला. बंपर ६,०००, रंगकाम ४,०००, मजुरी २,०००, एकूण १२,०००.

साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉन यांच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. बंपर प्लास्टिकचा, त्याचे ३,००० गेले. रंगाच्या बिलात चौथा हिस्सा मालाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे ५०० गेले. शिवाय दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात, त्याला कंपल्सरी डिडक्टिबल म्हणतात. हातात ७,५०० येतात. झिरो डेप नावाचं जादा कव्हर असेल तर घसारा कापला जात नाही, हजार मात्र जातातच. मग ११,००० येतात.

आता दुसरी बाजू. क्लेम घेतला नसता तर पहिल्या नूतनीकरणाला बोनस ५० टक्के झाला असता. क्लेम घेतल्यावर तो शून्य. गाडीची किंमत आणि कंपनीची सूट तशीच राहील असं धरलं, तर दुसऱ्या वर्षी आयडीव्ही ६,४०,००० आणि ओडी १०,२११. त्यातले निम्मे जाणार, जीएसटीसह सुमारे ६,००० जादा. तिसऱ्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणून साधारण ३,१६० जादा. चौथ्या वर्षी ५० ऐवजी २५, म्हणून २,२६०. तीन वर्षांत ११,४०० च्या पुढे गेलंच, आणि बोनस पुन्हा ५० वर यायला अजून दोन वर्षं आहेत.

म्हणजे तिच्या गाडीसाठी बारा हजारांच्या कामाचा क्लेम झिरो डेप असूनही परवडत नाही. वीस-पंचवीस हजारांच्या पुढचं नुकसान असेल तर नक्की घ्यावा. मधल्या टप्प्यात आपला हिशोब आपण मांडून बघायचा. हप्त्यातला ओडी किती आणि बोनस किती, हे दोनच आकडे लागतात आणि दोन्ही शेड्यूलवर असतात. दुसऱ्याचं नुकसान झालं असेल किंवा कुणाला लागलं असेल, तर मात्र हा हिशोब करत बसायचं नाही. कंपनीला तात्काळ कळवायचं.

ॲड-ऑन: नाव नाही, रकाना वाचा

मसुद्यात सात ॲड-ऑन होते, मिळून ७,८२० रुपयांचे. डीलर त्यांची मोट बांधून काहीतरी भारदस्त नाव देतात. शेड्यूलमध्ये मात्र एकेक कव्हर आणि त्याचा हप्ता वेगळा दिसायला हवा. ज्याच्यापुढे रक्कम नाही, ते घेतलेलं आहे का हे विचारूनच घ्यावं.

झिरो डेप वर आलाच. त्याबद्दलचा एक गैरसमज मात्र इतका पसरलाय की थांबून सांगतो. या धंद्यात घसारा हा शब्द दोन ठिकाणी येतो. एक गाडीच्या किमतीवरचा, ज्यातून आयडीव्ही निघतो. दुसरा दुरुस्तीत बदललेल्या सुट्या भागांवरचा. झिरो डेप फक्त दुसरा घसारा काढून टाकतो. गाडी चोरीला गेली तर झिरो डेपमुळे एक रुपयाही जास्त मिळत नाही, आयडीव्हीच मिळतो. "माझं झिरो डेप आहे, म्हणजे गाडीची पूर्ण किंमत मिळणार" असं धरून बसलेले कितीतरी मालक मला भेटतात. शिवाय बऱ्याच पॉलिसींत झिरो डेपचे क्लेम वर्षाला दोनच अशी मर्यादा असते. ती कागदात शोधून ठेवायची.

पूर्ण किंमत हवी तर त्यासाठीचं कव्हर वेगळं, रिटर्न टू इनव्हॉइस. चोरी किंवा टोटल लॉस झाला तर आयडीव्ही आणि इनव्हॉइसची किंमत यांच्यातला फरक ते भरून देतं, आणि भाचीच्या पॉलिसीच्या मजकुरात रोड टॅक्स आणि नोंदणीही होती. तिच्या बाबतीत ७,६०,००० ऐवजी निदान ८,८८,०००. या १,२८,००० साठी हप्ता १,१४० अधिक जीएसटी. तिने गाडीवर कर्ज काढलंय, त्यामुळे हे मी आग्रहाने ठेवायला लावलं. शेड्यूलवर आयएमटी ७ असा क्रमांक असतो, म्हणजे गाडी बँकेकडे तारण आहे. टोटल लॉसचे पैसे आधी बँकेकडे जातात. पहिल्या वर्षात कर्जाची बाकी आयडीव्हीच्या जवळपास असते, म्हणून हे कव्हर नसेल तर गाडीही जाते आणि हातातही काही उरत नाही.

मग इंजिन प्रोटेक्ट. नाशिककरांना हे समजवायला फार बोलावं लागू नये. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर आपण पूर मोजतो, आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर लावलेल्या गाड्या काढायची धावपळ होते. पुराने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीतही बसतं: सीट, वायरिंग, आतली सफाई. पण इंजिनात पाणी शिरलेलं असताना किल्ली फिरवली, तर पिस्टनसमोर हवेऐवजी पाणी येतं. पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराने केलं नाही, गाडी चालू केल्याने झालं, असं साध्या पॉलिसीत धरतात आणि इंजिनाचे पैसे मिळत नाहीत. आम्हाला ते लगेच कळतं. एअर फिल्टरच्या डब्यात पाण्याची खूण असते आणि इंजिन उघडलं की वाकलेला रॉड समोर येतो. नुसती पाण्यात उभी राहिलेली गाडी रॉड वाकवत नाही. भाचीच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे, म्हणून ७६० रुपयांचं हे कव्हर ठेवलं. पण हे कव्हर असलं तरी बुडालेली गाडी चालू करून बघायची नाही, ढकलून किंवा टो करूनच न्यायची. बऱ्याच पॉलिसींत तशी अटच असते.

कन्झ्युमेबल्स ठेवलं, ३८० रुपये. अपघातानंतर लागणारं ऑइल, कूलंट, नट-बोल्ट साध्या पॉलिसीत मिळत नाहीत, ते यात येतात. टायर, किल्ली आणि गाडीतल्या सामानाचं कव्हर मिळून २,५०० होत होते, ती तिन्ही काढायला सांगितली. नव्या टायरला एक वर्षात विम्याची गरज पडेल अशी तिची धावाधाव नाही, आणि हरवलेल्या किल्लीसाठी क्लेम करण्यापेक्षा दुसरी किल्ली आईकडे ठेवणं सोपं.

मसुद्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही होता, ५५० रुपयांचा. तो कायद्याने लागतो, पण माणसाला एकदाच. तिच्या स्कूटीच्या पॉलिसीत तो आधीच होता, म्हणून इथून काढला. स्कूटीची पॉलिसी चुकूनही खंडित होऊ द्यायची नाही, नाहीतर दोन्हीकडचं जातं, हे तिला दोनदा सांगितलं.

पुढे गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं तर ते पॉलिसीत चढवून घ्यावं लागतं. आणि खासगी पॉलिसीत भाड्याने प्रवासी नेण्याला परवानगी नसते. २०२७ च्या सिंहस्थात शिर्डी-त्र्यंबकच्या फेऱ्या मारायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर शेड्यूलवरची वापराच्या मर्यादेची ओळ आधी वाचावी.

तिने हे सगळे बदल ईमेलने लिहून कळवले, तोंडी नाही. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, हे माहीत असल्याने ती शांतपणे बोलली आणि डीलरनेही सुधारित मसुदा दिला. ओडी ६,६६९, तीन वर्षांचा थर्ड पार्टी १०,६४०, चार ॲड-ऑन ५,३२०, जीएसटी ४,०७३. एकूण २६,७०२ रुपये. आयडीव्ही ७,६०,०००, जिथल्या तिथे.

पैसे भरल्यावर पॉलिसी ईमेलवर आली. तिने ती मसुद्याशी ओळीने ताडून बघितली. रिटर्न टू इनव्हॉइसचा रकाना कोरा होता, हप्ता मात्र घेतलेला होता. तिने त्याच दिवशी कंपनीला कळवलं, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दुरुस्त पॉलिसी आली, आणि मग ती गाडी आणायला गेली.